रेट्रोचा सारांश पुन्हा लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये काम करणाऱ्या टीम्ससोबत स्क्रम मास्टर म्हणून आहे. रेट्रोस्पेक्टिव्ह कशी घ्यावी हे फारसं कोणी विचारत नाही. बहुतेकांचा प्रश्न नंतरचा असतो: बोर्डावर पस्तीस चिठ्ठ्या जमल्या आहेत, सगळ्या तक्रारीच आहेत, आता सारांशात लिहू काय? तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं जवळजवळ सगळी एकाच स्प्रिंटमधली आहेत, म्हणजे धागा सुटणार नाही.

1. रेट्रोचा सारांश म्हणजे मीटिंगचे मिनिट्सच ना? मग पुन्हा लिहायचा कशाला?

मिनिट्समध्ये कोण काय बोललं ते असतं. पुढच्या स्प्रिंटमध्ये काय वेगळं होणार आहे, ते सारांशात असायला हवं. स्क्रम गाइडच्या 2020 च्या आवृत्तीत रेट्रोचा हेतू गुणवत्ता आणि परिणामकारकता वाढवण्याचे मार्ग ठरवणं, असाच दिला आहे. त्यामुळे ज्या कागदावर ठरलेला मार्गच नाही, तो कागद कितीही प्रामाणिक असला तरी अर्धवट आहे.

एक सोपी परीक्षा आहे. गेल्या तीन रेट्रोंचे सारांश तारखा झाकून शेजारी शेजारी ठेवा. कुठला कधीचा ते ओळखता आलं नाही, तर तुम्ही तक्रारी उतरवून घेताय. "टेस्टिंगला वेळ मिळत नाही" हे वाक्य जानेवारीतही खरं असतं आणि जूनमध्येही, म्हणून त्यावर कोणी हलत नाही.

2. प्रत्येक मुद्द्यात नेमकं काय काय यायला हवं?

मी पाच गोष्टी लिहिते: काय घडलं, त्यातून काय कळलं, काय बदलायचं ठरलं, ते कोण करणार, आणि फरक पडला की नाही हे कधी व कशावरून बघणार.

यातली दुसरी सर्वात जास्त वेळा गळते. "काय घडलं" वरून लोक थेट "काय करायचं" वर उडी मारतात. मधली पायरी गेली की उपाय चुकीच्या जागी लागतो, आणि तो चुकला हे महिनाभर लक्षातही येत नाही. पुढच्या उदाहरणात नेमकं हेच होता होता राहिलं.

3. एक खरा सारांश आधी आणि नंतर असा दाखवता का?

पेमेंटचं काम करणारी एक टीम होती. स्प्रिंट 10 ते 21 मार्च 2025 चा. 14 ला धुळवडीची सुट्टी, म्हणजे कामाचे दिवस 9. स्टोऱ्या 12 घेतल्या होत्या, त्यातल्या 3 पुढच्या स्प्रिंटमध्ये गेल्या. रेट्रोनंतरचा पहिला सारांश असा होता:

- टेस्टिंगला वेळच मिळत नाही.
- डेव्हलपर शेवटच्या दिवशी सगळं ढकलतात.
- रिव्ह्यू लटकतात.
- मधेच नवीन काम घुसतं.
- एस्टिमेशन नीट करायला हवं.
- कम्युनिकेशन सुधारू या.

वरवर पाहता हे सहा मुद्दे दिसतात. पहिले तीन मात्र एकाच घटनेच्या तीन बाजू आहेत: एक टेस्टरने बघितलेली, एक टेस्टरने डेव्हलपरवर ठेवलेली, आणि एक डेव्हलपरने बघितलेली. पाचवा मुद्दा हा कोणाच्या तरी मनातला उपाय आहे. "वेळ मिळत नाही, म्हणजे अंदाज चुकला असणार", असा.

म्हणून आधी बोर्डाचा इतिहास बघितला (कसा, ते प्रश्न 4 मध्ये). 12 पैकी 7 स्टोऱ्या 20 आणि 21 तारखेलाच टेस्टिंगमध्ये आल्या होत्या. पुढे गेलेल्या तिन्ही याच सातांतल्या. त्या सातांपैकी 5 स्टोऱ्यांचं कोडिंग वेळेत संपलं होतं, पण त्या रिव्ह्यूमध्ये दोन दिवसांहून जास्त पडून होत्या. म्हणजे अंदाज चुकला नव्हता आणि कोणी मुद्दाम शेवटी ढकलतही नव्हतं. त्या पाचही पुल रिक्वेस्ट पेमेंट मॉड्यूलच्या होत्या, आणि रिपॉझिटरीच्या सेटिंगनुसार तिथे मंजुरी देऊ शकणारा माणूस एकच होता. तो त्या आठवड्यात प्रॉडक्शनच्या एका अडचणीत गुंतला होता.

हे समोर ठेवल्यावर टीमने पंधरा मिनिटांत निर्णय घेतला. नंतरचा मुद्दा असा झाला:

*काय घडलं:* 12 पैकी 7 स्टोऱ्या शेवटच्या दोन दिवसांत टेस्टिंगला आल्या. 3 पुढे गेल्या.

*काय कळलं:* 7 पैकी 5 स्टोऱ्या पेमेंट मॉड्यूलच्या एकमेव मंजुरीदाराकडे अडकल्या. कोडिंगला वेळ कमी पडला नव्हता.

*काय बदलणार:* पेमेंट मॉड्यूलला दुसरा मंजुरीदार नेमायचा. पहिल्या तीन रिव्ह्यूंना जुना मंजुरीदार सोबत बसेल.

*कोण:* टेक लीड, 25 मार्चपर्यंत.

*कधी, कशावरून:* 4 एप्रिलच्या रेट्रोत. शेवटच्या दोन दिवसांत टेस्टिंगला येणाऱ्या स्टोऱ्या 4 पेक्षा जास्त नसाव्यात.

इथे मी भूमिका लिहिल्या आहेत. तुमच्या सारांशात माणसाचं नाव लिहा.

एक तांत्रिक खाच, कारण याच ठिकाणी दुसऱ्या एका टीमचे चार दिवस गेले. गिटहबवर हे `CODEOWNERS` फाइलमध्ये करतात, आणि दोन्ही नावं एकाच ओळीत लागतात:

```
/payments/   @pay-lead @pay-dev2
```

एकाच ओळीत असली की दोघांपैकी कोणाचीही मंजुरी चालते. तोच मार्ग दोन वेगळ्या ओळींत लिहिला, तर शेवटची जुळणारी ओळच धरली जाते आणि पहिला माणूस यादीतून बाहेर पडतो. बदल झाला असं सगळ्यांना वाटतं, प्रत्यक्षात फक्त अडकण्याची जागा बदललेली असते. नव्या माणसाला रिपॉझिटरीत लिहिण्याची परवानगी आहे का, तेही बघा.

4. हे आकडे आणायचे कुठून? मीटिंगमध्ये तर कोणी आकडे सांगत नाही.

बोर्ड सांगतो. जिरामध्ये प्रत्येक टिकीट कुठल्या कॉलममधून कुठे कधी गेलं याची नोंद असते. वरच्या उदाहरणासाठी मी हे चालवलं होतं:

```
sprint = 42 AND status CHANGED TO "In Testing"
DURING ("2025/03/20", "2025/03/22")
```

शेवटची तारीख 22 ठेवली आहे, कारण वेळ न दिलेली तारीख त्या दिवसाच्या मध्यरात्रीपासून मोजली जाते. 21 लिहिली असती तर शुक्रवार अख्खा सुटला असता. स्प्रिंटचा क्रमांक आणि कॉलमचं नाव तुमच्या बोर्डाप्रमाणे बदला.

उत्तर आलं तेव्हा यादीत 9 टिकिटं होती. त्यातली 2 आधी 17 तारखेला टेस्टिंगला आलेली, बग निघाल्याने परत गेलेली आणि दुरुस्त होऊन पुन्हा आलेली होती. ती उशिरा आलेली नाहीत, म्हणून वगळली आणि 7 उरल्या. टिकिटाचा इतिहास उघडून हे हातानेच बघावं लागतं. 12 स्टोऱ्यांना वीस मिनिटं पुरतात, आणि ती वीस मिनिटं वाचवू नका. फुगलेला आकडा सारांशात गेला आणि कोणी तो खोडून काढला, तर बाकीचा सारांशही त्याच्यासोबत पडतो.

लोक टिकिटं वेळेवर हलवत नसतील तर हे आकडे खोटे बोलतात. सगळी टिकिटं रोज सकाळी स्टँडअपच्या वेळीच सरकलेली दिसली, तर एखाद्या दिवसाची चूक गृहीत धरा आणि तासांच्या हिशेबात जाऊ नका.

5. "कम्युनिकेशन सुधारायला हवं" याचं काय करायचं? त्यामागे आकडाच नसतो.

आकडा नसेल, पण घटना असते. ज्याने चिठ्ठी लिहिली त्याला एकच विचारा: "हे लिहिताना कुठला दिवस डोळ्यांसमोर होता?" चिठ्ठ्या बिननावी असतील तर हाच प्रश्न सगळ्यांना मिळून विचारा.

वरच्या टीममध्ये उत्तर आलं की एपीआयच्या उत्तरातल्या एका फील्डचं नाव 12 तारखेला बदललं आणि मोबाइलवाल्यांना ते 18 ला कळलं. आता कम्युनिकेशन हा शब्दच नको. मुद्दा असा होतो: "एपीआयचा करार बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टवर मोबाइल टीममधला एक जण रिव्ह्यूअर म्हणून हवा." करणारा ठरतो, तारीख ठरते.

घटना आठवतच नसेल, तर तो मुद्दा सारांशात "नोंद, या वेळी बदल नाही" असा एका ओळीत ठेवते. उपाय ओढूनताणून शोधत नाही. अशा तक्रारीवर हमखास सुचणारा उपाय म्हणजे आणखी एक मीटिंग, आणि दोन स्प्रिंटनंतर त्या मीटिंगचीच तक्रार येते.

6. ओनर म्हणून "सगळी टीम" लिहिलं तर काय बिघडलं? जबाबदारी सगळ्यांचीच असते ना?

काम सगळ्यांचं असू शकतं, पण आठवण एकाला ठेवावी लागते. सारांशातला ओनर म्हणजे सगळं एकट्याने करणारा माणूस नव्हे. "ते झालं का?" या प्रश्नाला उत्तर देणारा तो माणूस. हा अर्थ टीमला एकदा मोकळेपणाने सांगा. लोक नाव द्यायला कचरतात, कारण ओनर म्हणजे पुढे दोष घेणारा, असं त्यांना वाटत असतं.

दोन नावं लिहू नका. पहिल्याला वाटतं दुसरा बघतोय. आणि ओनर असा हवा की ज्याच्या हातात ती गोष्ट आहे. मंजुरीदार बदलण्याचा अधिकार टेक लीडकडे असताना तिथे नुकत्याच रुजू झालेल्या मुलीचं नाव, केवळ ती हो म्हणाली म्हणून, टाकणं हा तिच्यावर अन्याय आहे.

7. मीटिंगमध्ये ओनर किंवा तारीख ठरलीच नाही. लिहिताना मी माझ्या मनाने टाकू का?

नाही. पुन्हा लिहिणं म्हणजे जे बोललं गेलं ते नेमकं करणं. जे ठरलंच नाही ते ठरल्यासारखं लिहिलं, तर ज्याचं नाव टाकलंत त्याला ते सारांश वाचताना पहिल्यांदा कळतं. पुढच्या रेट्रोत तो माणूस तोंड उघडत नाही, आणि त्याचं बरोबर असतं.

मी कच्च्या प्रतीत ती जागा "ठरायचं आहे" अशी उघडी ठेवते आणि संबंधित माणसाला त्याच दिवशी थेट विचारते: "हे तू बघशील का, आणि कधीपर्यंत?" हो आलं की नाव जातं. नाही आलं तर दुसऱ्या दिवशीच्या स्टँडअपनंतर पाच मिनिटं घेऊन टीमलाच विचारायचं. तरीही कोणी पुढे आलं नाही, तर तो बदल टीमला फारसा नको आहे. मग तो यादीतून काढा. दुखतं, पण खरं आहे.

8. तक्रार एका माणसाबद्दल असेल तर? "अमुक जण रिव्ह्यू करतच नाही" असं.

सारांशात नाव ओनर म्हणून येतं, कारण म्हणून येत नाही. हा माझा पक्का नियम आहे. प्रश्न 3 मधलंच बघा: पाच रिव्ह्यू एका माणसाकडे अडकले होते आणि दोन चिठ्ठ्यांवर त्याचं नाव होतं. त्याला दोष देऊन काय मिळालं असतं? त्याने पुढच्या आठवड्यात रात्री जागून रिव्ह्यू केले असते, आणि तो रजेवर गेला की पुन्हा सगळं अडकलं असतं. अडचण व्यवस्थेत होती, म्हणून वाक्यही व्यवस्थेबद्दल लिहिलं.

वागणुकीचीच तक्रार असेल, म्हणजे कोणी अपमान करतं, ओरडतं, तर ती सारांशात सौम्य करून घालू नका. ती सारांशाची बाब नाहीच. त्या माणसाशी आणि गरज पडल्यास त्याच्या वरिष्ठांशी वेगळं बोला.

9. अडचण दुसऱ्या टीमची किंवा क्लायंटची असेल तर ओनर कोणाला करायचं?

जो खोलीत नव्हता त्याला काम देता येत नाही. ओनर तुमच्याच टीममधला ठेवा आणि बदलही तुमच्या हातातला लिहा. "इन्फ्रा टीमने स्टेजिंग सुरू ठेवावं" ही इच्छा झाली. "स्टेजिंग कधी बंद होतं आणि किती वेळ, याची नोंद क्यूए लीड दोन आठवडे ठेवेल आणि 4 एप्रिलला इन्फ्राच्या लीडसमोर मांडेल" हे काम झालं. अशी नोंद हातात असली की समोरची टीमही वेगळ्या कानांनी ऐकते.

वरच्या यादीतला "मधेच काम घुसतं" हा मुद्दा याच जातीचा होता, कारण त्या दिवशी प्रॉडक्ट ओनर रेट्रोला नव्हत्या. स्क्रम गाइडप्रमाणे स्प्रिंटचं उद्दिष्ट धोक्यात येईल असा बदल मधे करायचा नाही, पण नवीन माहिती आली तर कामाची व्याप्ती प्रॉडक्ट ओनरशी बोलून पुन्हा ठरवता येते. म्हणजे काम येऊच नये असं म्हणता येत नाही. मी त्यांना भेटले, मधे आलेली दोन टिकिटं दाखवली, आणि त्यांनी स्वतःच मान्य केलं की इथून पुढे काही आत आलं तर त्या बदल्यात काय बाहेर गेलं, हे त्याच दिवशी टिकिटावर लिहिलं जाईल. त्यांच्या होकारानंतरच त्यांचं नाव ओनर म्हणून आलं.

10. एका सारांशात किती बदल असावेत?

दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला एक किंवा दोन. स्क्रम गाइडच्या 2017 च्या आवृत्तीत निदान एक महत्त्वाची सुधारणा पुढच्या स्प्रिंट बॅकलॉगमध्ये घ्यावी, असं होतं. 2020 मध्ये ती सक्ती गेली. सर्वात परिणामकारक सुधारणा शक्य तितक्या लवकर हाती घ्याव्यात आणि हवं तर बॅकलॉगमध्ये घालाव्यात, असं आलं. मी अजूनही टिकीट करतेच. बोर्डावर नसलेलं काम प्लॅनिंगमध्ये कोणी मोजत नाही, आणि न मोजलेल्या कामाला वेळ उरत नाही.

11. माझे मुद्दे गाळलेस, असं टीममधले लोक म्हणतात.

त्यांचं म्हणणं गंभीरपणे घ्या, कारण एकदा तक्रार गायब झाली की तो माणूस पुढच्या वेळी लिहीत नाही. मूळ चिठ्ठ्यांचा फोटो किंवा बोर्डाची लिंक सारांशाखाली ठेवा. तीन चिठ्ठ्या एका मुद्द्यात मिसळल्या असतील तर तसं लिहा: "हा मुद्दा चिठ्ठी 1, 2 आणि 3 वरून". आपली चिठ्ठी कुठे गेली हे त्याला सापडलं पाहिजे. एक अपवाद आहे, तो पुढच्या प्रश्नात.

12. हा सारांश मॅनेजरही वाचतात. दोन प्रती ठेवू का?

दोन सारांश ठेवू नका. आज ना उद्या दोन्ही एकमेकांसमोर येतात. सारांश एकच, आणि मूळ चिठ्ठ्या मात्र फक्त टीमला दिसतील अशा जागी. सारांश बाहेर कोणाकोणाला जातो हे रेट्रो सुरू होण्याआधी टीमला सांगा, नंतर नाही.

मॅनेजरना पाठवताना आकड्यांची काळजी घ्या. "7 स्टोऱ्या उशिरा" एवढंच वर गेलं तर त्याचा अर्थ टीम संथ आहे असा होऊ शकतो. आकड्यासोबत त्याचं कारण त्याच वाक्यात ठेवा.

13. बदल केला, पण फरक पडला नाही. किंवा दुसरंच काही बिघडलं. हे कसं लिहायचं?

जसं घडलं तसं, आणि नवा मुद्दा सुरू करण्याच्या आधी. वरच्या टीमचा पुढचा स्प्रिंट 24 मार्च ते 4 एप्रिल होता. 31 ला ईदची सुट्टी, म्हणजे पुन्हा 9 दिवस, त्यामुळे तुलना रास्त होती. 11 पैकी 4 स्टोऱ्या शेवटच्या दोन दिवसांत आल्या. ठरवलेली मर्यादा पाळली गेली. पण दुसऱ्या मंजुरीदाराची स्वतःची स्टोरी पुढे गेली, कारण रिव्ह्यूंसाठी प्लॅनिंगमध्ये त्याचं काम कमी केलंच नव्हतं.

सारांशात दोन्ही लिहिलं: "मंजुरीदार वाढवल्याने अडकणं कमी झालं. रिव्ह्यूचा वेळ मात्र दुसऱ्या मंजुरीदाराच्या कामातून गेला." त्यावरून पुढचा बदल निघाला: प्लॅनिंगमध्ये दोन्ही मंजुरीदारांचा रोज एक तास रिव्ह्यूसाठी आधीच बाजूला काढायचा. ओनर स्क्रम मास्टर, म्हणजे मी.

एकच बदल सलग दोनदा "झाला नाही" म्हणून आला, तर तो तिसऱ्यांदा तसाच पुढे ढकलू नका. तो लहान करा किंवा सोडून द्या, आणि का सोडला ते एका ओळीत लिहा.

14. सारांश कधी पाठवावा, आणि मराठीत लिहिला तर चालेल का?

त्याच दिवशी कच्ची प्रत, आणि पुढच्या स्प्रिंटच्या प्लॅनिंगआधी पक्की. प्लॅनिंग झाल्यावर आलेला सारांश दोन आठवडे उशिरा आलेला असतो.

भाषेचं म्हणाल, तर टीममधल्या प्रत्येकाला जी वाचता येते ती. पुण्यातल्या आमच्या टीममध्ये बोलणं मराठी-हिंदीत चालतं आणि सारांश इंग्रजीत जातो, कारण दोघं जण चेन्नईहून काम करतात. पण काय घडलं हे विचारताना मी मराठीतच विचारते. इंग्रजीत "इश्यूज विथ रिव्ह्यू प्रोसेस" म्हणून थांबणारा माणूस मराठीत सांगतो, "अगं, बुधवारी दुपारी पीआर टाकला, शुक्रवारपर्यंत कोणी उघडला पण नाही." मला सारांशात तो बुधवार आणि तो शुक्रवार हवा असतो.